तेरा भाग, दोन निवेदक: निरोपाचं वाक्य, पालुपद आणि सदरांची नावं

प्रश्न: आमच्या कम्युनिटी रेडिओवर विहिरी, पाऊस आणि पाणीवापर यांवर १३ भागांची मालिका झाली होती, प्रत्येक भाग १० मिनिटांचा. तिघांनी लिहिली, त्यामुळे दर भागाचा सूर वेगळा. आता पुन्हा प्रसारणासाठी मी एकटीच ती नव्याने लिहितेय. निवेदक दोन, एक ताई आणि एक दादा. शेवटचं ठरलेलं वाक्य, एखादं पालुपद आणि सदरांची नावं कशी ठरवू, म्हणजे सगळे भाग एकाच मालिकेचे वाटतील? भाग ११ मध्ये विहिरीतल्या अपघाताची गोष्ट आहे, तिथेही तेच म्हणायचं का? तेराही संहिता सोबत पाठवतेय.

उत्तर:

संहिता वाचल्या. मनात नाही, मोठ्याने वाचल्या, आणि तुम्हीही तसंच करा. हातात पेन्सिल घ्या आणि फक्त दोन गोष्टींवर खूण करा. एक, जो शब्दप्रयोग वेगवेगळ्या भागांत पुन्हा पुन्हा येतो तो. दोन, लेखक एक काम संपवून दुसरं काम सुरू करतो ती जागा. पालुपद किंवा सदराचं नाव बाहेरून आणायच्या आधी संहितेत ते दडलंय का, हे बघायचं. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा ते तिथेच असतं, फक्त ते पालुपद आहे हे कुणी ओळखलेलं नसतं.

तुमच्या मालिकेत ते आहे. भाग ९ लिहिणाऱ्याने ‘आधी मोजू या’ असं तीनदा लिहिलंय. भाग ४ दुसऱ्या लेखकाचा आहे, त्यात ‘अंदाज नको, हिशेब करा’ आहे. भाग २ मध्ये तिसरा लेखक म्हणतो, ‘मोजमाप केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.’ तिघांची भाषा वेगळी असली तरी सांगणं एकच आहे. तुमच्या मालिकेचा स्वभाव मोजण्याचा आहे, आणि पालुपद, सदरांची नावं, निरोप या तिन्ही गोष्टी त्या एकाच स्वभावातून काढल्या तर त्या एकमेकींना धरून राहतील. ‘पाणी म्हणजे जीवन’ असलं काही घेऊ नका. ते भिंतीवर रंगवलेलं असतं आणि दहा मिनिटांच्या बोलण्यात कुणाच्या तोंडी बसत नाही.

आधी सदरं घ्या, कारण पालुपद कुठे येणार ते सदरं ठरल्यावरच कळतं.

मी कागदावर १३ आडव्या ओळी काढल्या आणि प्रत्येक भागात कोणकोणती कामं होतात ते लिहिलं. कुणाच्या तरी विहिरीवर किंवा अंगणात सुरू होणारा प्रसंग १२ भागांत आहे. आकड्यांचा हिशेब सगळ्या १३ भागांत आहे, कुठे आठ ओळींचा, कुठे निम्म्या भागाचा. आठवडाभरात घरी करून बघायचं काम ११ भागांत आहे. श्रोत्यांचे प्रश्न मात्र पाचच भागांत आहेत. म्हणून नाव पहिल्या तिघांना द्यायचं. प्रश्नांना नाव देऊ नका. ज्याला नाव दिलं त्याची श्रोता वाट बघतो, आणि पाच आठवडे ऐकलेलं सदर सहाव्या आठवड्यात आलं नाही की त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. प्रश्न असतील तेव्हा ‘एक पत्र आलंय’ एवढं म्हणून सुरू करा. तीन सदरं पुरेत. दहा मिनिटांत चौथं नाव आलं की श्रोत्याला यादी ऐकल्यासारखं होतं.

आता नावं. पहिल्यांदा मला ‘आड’, ‘उपसा’, ‘पोहरा’ अशी एका घरातली नावं सुचली, कारण ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण या मालिकेच्या पोटातच आहे. कागदावर ती सुंदर दिसतात. पण मग मी ती फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकली. ‘पोहरा’ पटकन म्हटलं की ‘पोरा’ ऐकू येतं. ‘आता पोहरा’ म्हटलं तर दादा कुणाला तरी हाक मारतोय असं वाटतं. आणि मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इथे फार जाणवते. आपल्या नामांना प्रत्यय लागला की त्यांचं रूप बदलतं. ‘पोहरा’चं ‘पोहऱ्यात’ होतं, ‘उपसा’चं ‘उपशात’, ‘झरा’चं ‘झऱ्यात’. ‘मागच्या उपशात आपण पाहिलं’ हे वाक्य ऐकताना श्रोत्याला ते ‘उपसा’ या सदराचं नाव आहे हे लक्षातच येणार नाही. तेरा भागांत ज्या नावाची दोन-तीन रूपं फिरतात ते नाव कानात बसत नाही. म्हणून नाव असं घ्या की प्रत्यय लागला तरी शब्द मोडत नाही, किंवा ज्याला प्रत्यय लावायची वेळच येत नाही.

त्या हिशोबाने मी ही तीन सुचवतो. प्रसंगाला ‘काठावर’. हा शब्द प्रत्यय घेऊनच आलाय, त्याला दुसरा लागत नाही, आणि विहिरीच्या काठावर उभं राहून बोलणं हे त्या सदराचं कामच आहे. आकड्यांच्या भागाला सरळ ‘हिशेब’. ‘हिशेबात’, ‘हिशेबाला’, काहीही म्हणा, शब्द अखंड राहतो. आणि घरी करायच्या कामाला ‘आजची घागर’, म्हणजे आज विहिरीवरून घरी काय न्यायचं ते. ‘घागर’ची ‘घागरीत’, ‘घागरी’ अशी रूपं होतात, पण मूळ शब्द ऐकू येत राहतो, आणि ‘घ’ने सुरू होणारा शब्द खराब स्पीकरवरही हरवत नाही. तिन्ही नावं प्रतिमा असू नयेत, म्हणून मधलं मुद्दाम साधं ठेवलंय. सदराचं नाव ऐकून आत काय आहे ते कळायला हवं. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी गाण्याच्या क्रमांकाला ‘पायदान’ म्हणत. शब्द पायरीचा, काम क्रमांकाचं, आणि गाणी वरखाली होतात हे त्या एका शब्दात कळायचं. पायदान हा शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होता, त्यांनी त्याला फक्त काम दिलं.

सदरात शिरायचं वाक्य नावापेक्षाही जास्त महत्त्वाचं आहे, आणि तिथे तुमच्या जुन्या संहितांमध्ये फार वेळ जातोय. भाग ४ मध्ये असं आहे: ‘चला तर मग श्रोतेहो, आता आपण वळू या आपल्या पुढच्या सदराकडे, ज्याचं नाव आहे हिशेब.’ हे १५ शब्द. मी बोलण्याचा वेग मिनिटाला ११५ शब्द धरतो, त्या वेगाने याला जवळजवळ आठ सेकंद लागतात. भागात तीन सदरं, असे १३ भाग. नुसत्या वळण्यात पाच मिनिटं गेली, म्हणजे अर्धा भाग. ‘आता हिशेब.’ एवढं पुरतं. आधी एक सेकंद शांतता, मग दोन शब्द, मग लगेच काम. प्रत्येक वेळी तेच दोन शब्द, त्याच चालीत. ‘काठावर’ तर भागाच्या पहिल्या वाक्यातच बसतं: ‘काठावर. भर दुपार. विहिरीत मोटार चालू आहे आणि पाणी मात्र येत नाही.’

पालुपदाकडे येतो.

पूर्वी एका आरोग्यविषयक मालिकेसाठी मी ‘काय, पटलं ना?’ असं पालुपद लिहिलं होतं. माहितीचा तुकडा संपला की निवेदक ते म्हणायचा. ऐकायला आपुलकीचं वाटलं, म्हणून ते हळूहळू वाढत गेलं, आणि चौथ्या भागात सात वेळा आलं. गावात श्रोत्यांची बैठक झाली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “पटलं नाही म्हणायला तुम्ही जागाच ठेवत नाही.” त्यांचं बरोबर होतं. ते पालुपद काही काम करत नव्हतं, फक्त होकार मागत होतं. नऊ भाग ध्वनिमुद्रित झाले होते. त्यांतून ते कापून काढायला बसलो, तर वाक्याच्या मधोमध असल्यामुळे जिथे जिथे कापलं तिथे निवेदकाचा श्वास तुटलेला ऐकू यायचा. तेव्हापासून पालुपद लिहिताना मी दोन गोष्टी पाळतो. त्याला एक नेमकं काम असलं पाहिजे, आणि ते स्वतंत्र वाक्य असलं पाहिजे, पुढेमागे थोडी शांतता सोडलेलं.

तुमच्यासाठी: ‘आधी मोजू, मग बोलू.’ चार शब्द, मधे एक थांबा, शेवटी ‘ऊ’चा मेळ. याचं काम एकच: कुणीतरी अंदाज ठोकला की त्याला थांबवायचं आणि आकड्याकडे वळवायचं. त्यामुळे ते माहितीनंतर येत नाही, अंदाजानंतर आणि मोजणीच्या आधी येतं. भाग ९ मधला मूळ मजकूर बघा: ‘पावसाचे पाणी छतावरून वाहून वाया जाते. त्याचे संकलन केल्यास मोठ्या प्रमाणावर बचत होऊ शकते. तर श्रोतेहो, आधी मोजू या!’ इथे ते शेवटी चिकटवलंय. मोजणी त्याच्या नंतर येतच नाही, पुढचं सदर सुरू होतं. हाच मजकूर मी असा लिहीन:

ताई: आता हिशेब.
दादा: काल रात्री पाऊस झाला. पत्र्यावरून किती पाणी वाहून गेलं असेल, ताई?
ताई: गेलं असेल हंडा-दोन हंडे.
दादा: आधी मोजू, मग बोलू.
ताई: बरं, मोजा.
दादा: पत्रा ५० चौरस मीटरचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. काल पडला २० मिलिमीटर. ५० गुणिले २०?
ताई: हजार लिटर!
दादा: थोडं उडतं, थोडं गळतं. ८०० धरा.
ताई: म्हणजे २०० लिटरची चार पिंपं. आणि मी हंडा म्हणत होते.

आता यातून पालुपद खोडून वाचा. ‘हंडा-दोन हंडे’वरून एकदम ‘पत्रा ५० चौरस मीटरचा’ येतं आणि बोलणं अडखळतं. खोडल्यावर अडखळलं तर ते जागेवर आहे असं समजा. खोडल्यावर काहीच फरक पडला नाही, तर ते तिथे नको. ही परीक्षा तेराही भागांत प्रत्येक ठिकाणी करा.

किती वेळा? भागात एकदा. मोठे हिशेब दोन असतील तर दोनदा, त्याहून जास्त कधीच नाही. भाग ६ मधली विहीर तशी आहे: २० फूट व्यासाची गोल विहीर, पाणी एका रात्रीत एक फूट उतरलं. ‘फूटभर तर उतरलं’ असं कुणीतरी म्हणणार, मग पालुपद, मग हिशेब, आणि ते फूटभर साधारण ८,९०० लिटर निघतं. इतका मोठा फरक अंदाजात आणि आकड्यात असला की पालुपद आपोआप पुढच्या आठवड्यापर्यंत लक्षात राहतं. जिथे अंदाज आणि आकडा जवळजवळ सारखेच निघतात, तिथे ते वाया जातं.

एक बारीक गोष्ट, पण दोन निवेदक असताना ती हमखास बिघडते. ‘आधी मोजू, मग बोलू’ याचं हां हां म्हणता ‘आधी मोजा, मग बोला’ होतं. वरवर तेच वाटतं. पण ‘मोजू’मध्ये निवेदक श्रोत्याच्या बाजूला उभा आहे, ‘मोजा’मध्ये समोर उभा राहून गप्प बसवतोय. ‘मग बोला’ हे घरात भांडताना म्हणतात. तुम्ही जर ‘पालुपद इथे’ अशी नुसती खूण लिहिली तर माइकसमोर ते नक्की बदलेल. म्हणून ते दर वेळी पूर्ण लिहा, वेगळ्या ओळीवर, आणि निवेदकांना हा फरक एकदा समजावून सांगा. कारण कळलं की ते स्वतःच सांभाळतात.

कोण म्हणणार? ते दोघांनाही म्हणू द्या, पण अंदाज करणारा आणि पालुपद म्हणणारा वेगवेगळे असू देत. आणि कायम ताईच अंदाज चुकतेय, दादा सुधारतोय, असं होऊ देऊ नका. जुन्या संहितांत ते झालंय, ११ भागांत चूक बाईची आहे. या भूमिका आलटून पालटून द्या. पाणी भरणाऱ्या बायका तुमच्या श्रोत्यांत निम्म्याहून जास्त असतील, त्यांना हे पहिल्या महिन्यातच टोचेल.

याच कारणासाठी हाक मारण्याचा शब्दही आत्ताच ठरवा. भाग १ ते ५ मध्ये ‘शेतकरी बंधूंनो’ आहे, मधल्या भागांत ‘श्रोतेहो’, शेवटी ‘मंडळी’. ‘मंडळी’ घ्या. बंधूंनो म्हटलं की भगिनी बाहेर राहतात, आणि ‘श्रोतेहो’ म्हटलं की रेडिओ लांब जातो. भागात एकदाच, सुरुवातीला. श्रोत्याशी बोलताना सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवा. एका लेखकाने ‘आपण’ हे आदरार्थी वापरलंय, त्यामुळे ‘आपण विहीर बघावी’ म्हणजे तुम्ही की आपण सगळे, हे कळत नाही. ‘आपण’ फक्त सगळ्यांसाठी राखून ठेवा.

निरोपाच्या वाक्यासाठी आपल्याकडे फार चांगली उदाहरणं घरातच आहेत. श्रावणातल्या कहाण्या ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ यावर संपतात. त्यातल्या साठा उत्तरांचा अर्थ लावत कुणी बसत नाही, पण ती ओळ कानावर पडली की पाटावरचं मूलसुद्धा उठायच्या तयारीत असतं. म्हणजे निरोपाचं वाक्य अर्थापेक्षा चालीने काम करतं. दुसरं उदाहरण अभंगातल्या नाममुद्रेचं. ‘तुका म्हणे’ हे ठरलेलं असतं, पण त्याच्या पुढे येणारं दर अभंगात नवीन असतं. ऐकणाऱ्याला शेवट आल्याचंही कळतं आणि त्याचे कान टवकारलेलेही राहतात. मालिकेच्या निरोपाला या दोन्ही गोष्टी हव्यात. सगळं वाक्य ठरलेलं असेल तर पाचव्या भागापासून लोक ते ऐकायच्या आधीच रेडिओ बंद करतात. सगळं नवीन असेल तर तो निरोपच उरत नाही.

म्हणून मी तो तीन तुकड्यांत लिहितो: डोकं ठरलेलं, मधला तुकडा त्या भागाचा, शेपूट ठरलेलं. तुमच्यासाठी डोकं ‘घागर भरली.’ हे ‘आजची घागर’ला मिटवतं, त्यामुळे वेगळं ‘हे सदर इथे संपलं’ म्हणावं लागत नाही. मधे त्या आठवड्याच्या कामाचं एकच वाक्य. आणि शेपूट ही तुमची म्हण, पण उलटी करून: ‘आडात असेल, तर पोहऱ्यात येईल.’ मघाशी मी ‘पोहरा’ नाकारला आणि इथे घेतोय, कारण इथे तो एकटा नाही. अख्खी म्हण लोकांच्या कानात आधीपासून आहे, ‘पोहऱ्यात’ हा शब्द नीट ऐकू आला नाही तरी कान तो भरून घेतो. आणि मूळ म्हणीतलं ‘कुठून येणार’ काढल्यामुळे तिच्यातला टोमणा जातो आणि काम करायला बळ देणारं काहीतरी उरतं.

भाग ६: ‘घागर भरली. या आठवड्यात विहिरीत सोडायच्या दोरीला फुटाफुटावर गाठ मारा आणि रोज सकाळी पाणी किती गाठींवर आहे ते लिहून ठेवा. आडात असेल, तर पोहऱ्यात येईल.’

भाग ९: ‘घागर भरली. पाऊस येण्याआधी घराचा पत्रा मोजा, लांबी गुणिले रुंदी, आणि तो आकडा दाराच्या मागे खडूने लिहा. आडात असेल, तर पोहऱ्यात येईल.’

भाग १२: ‘घागर भरली. ठिबकच्या एका तोटीखाली तांब्या ठेवा आणि तो किती मिनिटांत भरतो ते बघा. आडात असेल, तर पोहऱ्यात येईल.’

मधलं वाक्य करण्यासारखं असावं, उपदेशाचं नको. ‘पाणी जपून वापरा’ हे त्या जागी आलं तर तेरा भागांत तेच तेरा वेळा येईल.

या निरोपात ‘मी’ नाही आणि ‘आम्ही’ही नाही, ते मुद्दाम. तुमच्या जुन्या शेवटांत कुठे ‘निरोप घेते’, कुठे ‘निरोप घेतो’, कुठे ‘घेत आहोत’ असं आहे. मराठीत बोलणारा बदलला की क्रियापद बदलतं, म्हणजे ठरलेलं वाक्य ठरलेलं राहतच नाही. वरचं वाक्य ताईने म्हटलं काय नि दादाने म्हटलं काय, अक्षरही बदलत नाही. तरी मी ते कायम ताईंकडे ठेवीन. त्या एखाद्या दिवशी आल्या नाहीत तर दादा बिनधास्त म्हणू शकतील. आणि ‘पुढच्या गुरुवारी भेटू’ हे निरोपात अजिबात नको. तुम्ही आत्ता पुन्हा प्रसारणासाठीच लिहिताय. वार बदलला की सगळ्या भागांचं शेपूट कापावं लागेल. वार आणि वेळ यांची उद्घोषणा वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवा, ती संगीतानंतर लावता येते.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पालुपद, सदरांची नावं आणि निरोप, हे सगळं बोलीतलं आहे. तुमच्या जुन्या मजकुरातले निम्मे भाग पुस्तकी आहेत: ‘संकलन केल्यास’, ‘पातळी खालावते’, ‘उपाययोजना करणे आवश्यक आहे’. तशा मजकुरात ‘घागर भरली’ आलं की ते वरून डकवल्यासारखं वाटतं, आणि मालिका आधीपेक्षा जास्त विस्कळीत दिसते. म्हणजे पालुपद घालून सूर एक होणार नाही. मधलं बोलणंही ‘साठवलं तर’, ‘पाणी खाली जातं’, ‘हे करावं लागेल’ असं खाली आणावं लागेल. भाग २, ३ आणि ७ जवळजवळ पूर्ण नव्याने लिहावे लागतील असं मला दिसतंय. भाग ५ मध्ये फक्त सांधे बदलले तरी चालेल.

लिहिताना भाग १ पासून सुरू करू नका. पहिल्या भागात ओळख, उद्देश, पाहुणे असं बरंच काही असतं, त्यावर बेतलेला साचा पुढे कुठेच बसत नाही. आधी भाग ६ लिहा, तो सगळ्यात नेहमीसारखा आहे. मग १२, कारण तोपर्यंत श्रोता मुरलेला असतो आणि त्याला सगळं आखूड चालतं. हे दोन जुळले की १ लिहा. पहिल्या भागात सदरांची नावं समजावून सांगू नका. ‘काठावर’ म्हणून सरळ प्रसंग सुरू करा. काठावर म्हणजे काय ते ऐकता ऐकता कळतं. ‘आजची घागर’ मात्र पहिल्यांदा एका वाक्याने उघडा: ‘विहिरीवरून रिकाम्या हाताने कुणी परत जात नाही, म्हणून ही आजची घागर.’ दुसऱ्या भागापासून ते वाक्य नको.

सगळे भाग लिहून झाले की फक्त सांधे एका बैठकीत वाचा. प्रत्येक भागाच्या पहिल्या तीन ओळी, तिन्ही सदरांची सुरुवात, पालुपदाच्या आधीची आणि नंतरची ओळ, आणि निरोप. तेरा भागांचं हे वाचन अर्ध्या तासाच्या आत होतं, आणि कुठल्या भागात ‘मोजा’ झालंय, कुठे ‘घागर भरली’च्या आधी कुणी ‘तर मंडळी’ घुसवलंय, ते लगेच कानाला खटकतं. त्यानंतर मालिका न ऐकलेल्या एका माणसाला दोन भाग ऐकवा. तिसरा भाग ‘आता’ या शब्दावर थांबवा आणि विचारा, पुढे काय येईल? ‘हिशेब’ असं उत्तर आलं तर नावं बसली. पालुपद विचारू नका. तो माणूस चहा पिताना साखरेवरून का होईना, ते आपणहून म्हणतो का, ते बघा.

भाग ११. तिथे तेच म्हणायचं नाही.

त्या गोष्टीत माणूस मोटार काढायला जुन्या विहिरीत उतरतो आणि वर येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊही गुदमरतो. तिथे ‘आधी मोजू, मग बोलू’ कुणीही म्हणू नये, आणि ‘हिशेब’ हे सदरच त्या भागात नको. ‘काठावर’ लांबवा, सगळी गोष्ट तिथेच सांगा. ‘आजची घागर’ राहू दे, कारण त्यातलं सांगणं जीव वाचवणारं आहे. निरोप मात्र पूर्ण बदलायचा. विहिरीत गेलेल्या माणसानंतर ‘आडात असेल, तर पोहऱ्यात येईल’ हे त्या घरातल्या कुणी ऐकलं तर काय होईल, त्याचा विचार करा. डोकं काढा, शेपूट काढा, फक्त मधलं वाक्य ताईंच्या आवाजात ठेवा: ‘विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं, तर मागोमाग उतरू नका, माणसं गोळा करा आणि १०८ला फोन करा.’ मग दोन सेकंद शांतता, मग संगीत, नेहमीपेक्षा हळू. दहा भाग ज्याने शेपूट ऐकलंय त्याला ते आलं नाही हे कळेल, आणि का आलं नाही तेही कळेल. त्याचं स्पष्टीकरण देऊ नका. भाग १२ नेहमीसारखा ‘काठावर’नेच सुरू करा.